पात्यासाठी एक सूत

नेत्रतपासणी शिबिराची दोन हजार पत्रकं छापून आली, तेव्हा गठ्ठ्यातलं सर्वांत वरचं पत्रक अगदी मनासारखं उतरलेलं होतं. दोन्ही बाजूंना कडेपर्यंत गडद निळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत शिबिराची तारीख आणि तळाशी एका ओळीत वाचनालयाचा पत्ता व फोन नंबर. दोनेकशे पत्रकं वाटून झाली आणि वाचनालयात नेहमी येणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "दादा, गावाचं नाव चुकलंय का हो?" त्यांच्या हातातल्या पत्रकावर 'बुद्रुक'च्या ठिकाणी 'बद्रक' होतं. खालचे दोन्ही उकार कापले गेले होते. मी गठ्ठा उलगडून पाहिला. काही पत्रकांवर उकार शाबूत होते, काहींवर अर्धे होते आणि काहींवर त्यांचा मागमूसही नव्हता. फोन नंबर मात्र सगळीकडे नीट होता, कारण आकड्यांना ओळीखाली काहीच लोंबत नाही.

पत्रक मी तयार केलं होतं. तळाची ओळ कागदाच्या कडेपासून चांगली पाच मिलिमीटर वर ठेवली होती, हे मला पक्कं आठवत होतं. मग पातं तिथवर पोचलं कसं? हे शोधायला मी छापखान्यात गेलो. तिथे जे कळलं, ते पत्रक करून घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आपलं पत्रक त्याच्या अंतिम मापाच्या कागदावर छापलंच जात नाही, इथून सुरुवात करावी लागते. मोठ्या कागदावर त्याच्या दोन, चार, आठ प्रती शेजारी शेजारी छापतात. शाई वाळली की कागदांचा गठ्ठा कटिंग मशीनवर जातो आणि तिथे त्याची पत्रकं होतात. कटिंग करणारे काका एका वेळी काहीशे कागद घेतात, त्यांत हवा खेळवतात, दोन कडांवर ठोकून ठोकून ते सरळ करतात आणि मशीनच्या मागच्या पट्टीला टेकवतात. वरून जड दाब येऊन गठ्ठा घट्ट धरतो आणि मग पातं तिरकं सरकत खाली उतरतं. मी पाहत होतो तेव्हा काकांनी नुकत्याच कापलेल्या गठ्ठ्यातलं वरचं आणि तळाचं पत्रक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे दोन एकावर एक धरा आणि उजेडाकडे बघा." कागदाच्या कडा जुळत होत्या, पण आतला मजकूर जुळत नव्हता. वरच्या ओळी खालच्या ओळींपेक्षा जवळजवळ मिलिमीटरभर सरकलेल्या दिसत होत्या.

यात कोणाची हयगय नसते. छापताना प्रत्येक कागद यंत्रात केसभर इकडे किंवा तिकडे शिरतो. दुसरी बाजू छापताना तो पुन्हा शिरतो, म्हणजे पुन्हा केसभर फरक. कागद हवेतली ओल घेतो आणि सोडतो, तसा तो किंचित फुगतो आणि आकसतो. ठोकून सरळ केलेल्या गठ्ठ्यातही एखादा कागद मागे राहतो. शिवाय जाड गठ्ठ्यातून उतरताना पातं कागद थोडा ओढतं, त्यामुळे वरच्या आणि तळाच्या कागदांवर काप नेमका एकाच जागी पडत नाही. असे बारीक बारीक फरक एकत्र झाले की मिलिमीटरभराचा हिशेब होतो. संगणकाच्या पडद्यावर कापायची जागा एक रेघ असते. छापखान्यात ती रेघ नसून दोनेक मिलिमीटर रुंदीची पट्टी असते आणि त्या पट्टीत पातं कुठेही पडू शकतं, असं धरूनच काम करावं लागतं.

एवढं पटलं की ब्लीड, ट्रिम आणि सेफ मार्जिन हे तीन शब्द पाठ करावे लागत नाहीत. ट्रिम म्हणजे पत्रकाचं तयार माप, छापखान्यातली माणसं त्याला फिनिश साईझ किंवा कटिंग साईझ म्हणतात. आमचं पत्रक ए-५ होतं, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. पातं या रेषेच्या जरा बाहेर पडलं, तर तिथे कोरा कागद दिसू नये म्हणून रंग रेषेच्या पुढे नेऊन ठेवायचा, ते ब्लीड. आणि पातं जरा आत पडलं, तर अक्षर कापलं जाऊ नये म्हणून मजकूर रेषेपासून आत ठेवायचा, ते सेफ मार्जिन.

ब्लीड किती ठेवायचं? सर्वसाधारणपणे चारही बाजूंना तीन मिलिमीटर. जुने मिस्त्री ज्याला एक सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ते जवळपास तेवढंच भरतं. तेव्हा ए-५ पत्रकाची पार्श्वभूमी १५४ बाय २१६ मिलिमीटरची हवी. आतल्या बाजूला मी पाच मिलिमीटर धरतो. म्हणजे मजकुराला १३८ बाय २०० मिलिमीटरची चौकट मिळते. तीन मिलिमीटरवरही बऱ्याचदा भागतं, पण कडेला खेटलेली अक्षरं न कापता राहिली तरी डोळ्याला खुपतात.

या दोन रेषांमध्ये काय ठेवायचं, याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. जे कडेला भिडायचं आहे ते बाहेरच्या रेषेपर्यंत न्यायचं, जे भिडायचं नाही ते आतल्या रेषेच्या आत घ्यायचं आणि मधल्या आठ मिलिमीटरमध्ये काहीही थांबवायचं नाही. रंग बरोबर ट्रिमवर थांबवला, तर पातं अर्धा मिलिमीटर बाहेर पडताच पांढरी रेघ उमटते. पांढऱ्या पत्रकावर ती दिसली नसती, गडद निळ्यावर ती कापसाच्या दोऱ्यासारखी उठून दिसते. छायाचित्र कडेपर्यंत न्यायचं असेल, तर त्यातही तीन मिलिमीटरचा जास्तीचा भाग असावा लागतो. पुष्कळदा फोटो आधीच नेमका कापून ठेवलेला असतो आणि बाहेर न्यायला चित्रच उरत नाही. म्हणून मूळ फोटो जपून ठेवावा आणि त्यातला माणूस कडेच्या जवळ उभा असेल, तर तो फोटो कडेला लावूच नये.

आता पुन्हा आमच्या 'बद्रक'कडे. माझी फाईल बरोबर १४८ बाय २१० मिलिमीटरची होती. ब्लीड नव्हतंच. संगणकावर ती सुंदर दिसत होती, कारण पडदा काही कापला जात नाही. छापखान्यातल्या मुलाने फाईल उघडली, ब्लीड नाही हे त्याच्या लगेच लक्षात आलं आणि तशीच छापली तर निळ्याभोवती पांढऱ्या रेघा येणार हेही कळलं. शिबीर चार दिवसांवर होतं. त्याने अशा वेळी सगळे करतात तेच केलं, अख्खं पत्रक थोडं मोठं केलं. १४८ चे १५४ व्हायला चार टक्क्यांपेक्षा किंचित जास्त वाढ लागते. तेवढी वाढ दिली की रुंदीला दोन्हीकडे तीन मिलिमीटर रंग बाहेर येतो आणि उंचीला त्याहून थोडा अधिक. पांढऱ्या रेघेचा प्रश्न मिटला.

पण पत्रक मोठं झालं म्हणजे त्यातलं सगळंच मध्यापासून बाहेर सरकलं आणि कापायची रेषा मात्र होती तिथेच राहिली. उंचीचा मध्य तळाच्या कडेपासून १०५ मिलिमीटरवर. माझी पत्त्याची ओळ कडेपासून पाच वर, म्हणजे मध्यापासून १०० मिलिमीटर खाली होती. चार टक्के वाढीने ती १०४ वर गेली. पाच मिलिमीटरचं सुरक्षित अंतर एका मिलिमीटरवर आलं. आणि मी मोजलं होतं ते अक्षरांच्या बुडापासून. उकार त्याखाली आणखी मिलिमीटरभर उतरत होता. तो मध्यापासून १०१ वर होता, तो १०५ वर पोचला, म्हणजे थेट पात्याखाली! ज्या प्रतींवर पातं केसभर बाहेर पडलं तिथे 'बुद्रुक' वाचलं आणि ज्यांवर आत पडलं तिथे 'बद्रक' झालं. मधल्या सगळ्या छटा गठ्ठ्यात होत्याच.

ज्याचं ब्लीड विसरलं, त्याचं मार्जिनही जातं, ही यातली गोम आहे. फाईल मोठी करून ब्लीड उसनं आणता येतं, पण ते आतल्या मोकळ्या जागेतूनच वसूल होतं. कडेजवळच्या मजकुराला हा फटका सर्वांत जास्त बसतो, मध्याजवळच्या मजकुराला जवळजवळ नाही. म्हणून असं वाढवलेलं पत्रक पडद्यावर पाहिलं तर काहीच बिघडलेलं वाटत नाही. फाईल उघडून फक्त पार्श्वभूमीचा चौकोन तीन मिलिमीटरने बाहेर ओढला असता, तर मजकूर जागचा हलला नसता. पण मी पाठवलं होतं ते सपाट चित्र, त्यात पार्श्वभूमी वेगळी उरलेलीच नव्हती. त्या मुलाच्या हातात वाढवण्याखेरीज दुसरं काही नव्हतं.

मराठीत हे माप अधिक काळजीने घ्यावं लागतं. आपल्या अक्षरांना शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेल्या अक्षरांचे हलन्त. सेफ मार्जिन मोजताना वरच्या ओळीत सर्वांत उंच गेलेला रफार किंवा चंद्रबिंदू धरायचा आणि तळाच्या ओळीत सर्वांत खाली गेलेला उकार. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मजकुराभोवती जी चौकट दिसते तिच्यावर विसंबू नये, कारण काही फॉन्टांत मात्रा चौकटीबाहेर डोकावतात. मोठं करून डोळ्यांनीच पाहावं. शेवटच्या ओळीत खुर्द, बुद्रुक, पुणे, मुंबई असलं काही नाव असेल, तर मी ती ओळ आणखी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर घेतो.

आणि चौकटीविषयी. आपल्याकडे पत्रकाला सुबक बारीक चौकट घालायची हौस आहे, लग्नपत्रिकेपासून ती आलेली असावी. चौकट कापली जात नाही तोवर ठीक, असं वाटतं. पण चौकट हा कटिंगचा सर्वांत कडक साक्षीदार असतो. समजा ती कडेपासून तीन मिलिमीटरवर आहे आणि काप एक मिलिमीटर सरकला. एका बाजूला दोन मिलिमीटर उरतील, दुसरीकडे चार. एक बाजू दुसरीच्या दुप्पट! हे पत्रक वाकडं कापलंय, असं कोणीही म्हणेल. तीच चौकट आठ मिलिमीटर आत घेतली, तर तेवढ्याच चुकीने सात आणि नऊ मिळतील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. पातं तेवढंच हललेलं असतं. म्हणून चौकट हवीच असेल तर ती चांगली आत घ्यावी, नाहीतर काढून टाकावी. मी हल्ली काढूनच टाकतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे कसं करायचं ते थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक छापखान्यांत कोरलड्रॉ चालतं. त्यात पानाचं माप १४८ बाय २१० च ठेवायचं, पानाच्या सेटिंगमध्ये `Bleed` तीन मिलिमीटर द्यायचं, पार्श्वभूमी त्या रेषेपर्यंत ओढायची आणि पीडीएफ करताना `Prepress` मध्ये `Crop marks` व `Bleed limit` चालू करायचं. इनडिझाइनमध्ये नवीन फाईल उघडतानाच ब्लीड विचारतात. पीडीएफच्या वेळी `Use Document Bleed Settings` वर खूण करायला विसरलं, तर इतका वेळ ओढून ठेवलेलं ब्लीड फाईलमध्ये येतच नाही. कॅनव्हात `Show print bleed` चालू करून चित्रं कडेपलीकडे ओढायची आणि डाउनलोड करताना `PDF Print` निवडून `Crop marks and bleed` वर खूण करायची. फोटोशॉपमध्ये ब्लीडची वेगळी सोय नाही, तिथे पानच १५४ बाय २१६ चं घ्यायचं आणि चारही बाजूंना तीन मिलिमीटरवर गाईड ओढायच्या. कोपऱ्यांतल्या कटमार्कच्या बारीक रेघा ब्लीडच्या बाहेरून सुरू झाल्या पाहिजेत. त्या रंगात घुसल्या, तर पातं बाहेर पडलेल्या प्रतींवर कोपऱ्यात काळा ठिपका राहतो.

या सगळ्याच्या आधी एक फोन मात्र छापखान्यात करावा आणि कागद कोणता लागणार ते विचारावं. कारण ब्लीड फुकट मिळत नाही, त्याला कागद लागतो. डिजिटल छपाईच्या दुकानांत १२ बाय १८ इंची आणि १३ बाय १९ इंची असे दोन कागद सर्रास असतात. १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर. ब्लीड नसलेली दोन ए-५ पत्रकं शेजारी ठेवली तर २९६ मिलिमीटर होतात, म्हणजे बसतात, आणि एका कागदावर चार निघतात. ब्लीड धरलं की दोनांचे ३०८ होतात आणि तीन मिलिमीटरसाठी ती शेजारी बसत नाहीत. कागद कसाही फिरवा, चाराच्या जागी दोनच निघतात. १३ इंची कागदावर म्हणजे ३३० मिलिमीटरमध्ये ती आरामात बसतात. तो कागद दुकानात नसेल, तर पत्रकाची रुंदीच १४८ ऐवजी १४२ करावी. ब्लीडसह दोनांचे २९६ होतात, यंत्राला कागद धरायला दोन्हीकडे चारेक मिलिमीटर उरतात आणि पुन्हा चार पत्रकं निघतात. हातात घेतल्यावर सहा मिलिमीटरचा फरक कोणाला जाणवत नाही. मात्र हे डिझाइन करण्याआधी कळलं तरच उपयोग. मागाहून कळलं, की पुन्हा कोणीतरी पत्रक दाबून किंवा ताणून बसवतो आणि आपण परत 'बद्रक'वर येतो.

फाईल पाठवण्यापूर्वी मी दोन गोष्टी पाहतो. पीडीएफ उघडून `Properties` मध्ये `Page Size` वाचतो. तिथे १४८ बाय २१० दिसलं, तर ब्लीड आलेलं नाही. १५४ बाय २१६ दिसलं, तर ब्लीड आहे आणि कटमार्क नाहीत. त्याहून मोठं दिसलं, तर कोपरा मोठा करून कटमार्कच्या रेषेपलीकडे रंग खरोखर गेला आहे का ते नजरेनेच पाहतो, कारण कधी कधी बाहेर जागा असते पण ती कोरी असते. दोन्ही पानं पाहायची, मागची बाजू विसरण्याचं प्रमाण फार. मग ते पान मोठ्या कागदावर `Actual size` ने, म्हणजे शंभर टक्क्यांवर छापतो. `Fit` वर खूण राहिली तर मापच बदलतं. कटमार्कला पट्टी लावून ते कापतो, पण मुद्दाम एका बाजूने मिलिमीटरभर आत आणि दुसऱ्या बाजूने मिलिमीटरभर बाहेर. इतकं वाकडं कापूनही पत्रक नीट दिसलं, तर ते पात्याखाली टिकतं.

फाईल व्हॉट्सअ‍ॅपने द्यायची असेल तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. त्या शिबिराची उरलेली पत्रकं आम्ही बाजूला काढली, ज्यांवर उकार होता तेवढीच वाटली आणि बाकीची पुन्हा छापून घेतली. या वेळी फाईलसोबत मी चार ओळी पाठवल्या: "तयार साईझ १४८ बाय २१०. ब्लीड धरून १५४ बाय २१६, दोन्ही बाजूंना. कटमार्क लावले आहेत. काही बसत नसेल तर फाईल लहान-मोठी न करता आधी फोन करा." छापखान्यातून अर्ध्या तासात फोन आला. कागद १२ बाय १८ चाच शिल्लक होता. मी रुंदी १४२ केली, मजकूर नव्याने आत घेतला आणि संध्याकाळी फाईल पुन्हा पाठवली.